जाळीआडची सुगरण: फोनचा फोकस तारेवरून काढून पक्ष्यावर कसा न्यावा

गेल्या श्रावणात आमच्या शेजारच्या शेतातील विहिरीवर झुकलेल्या बाभळीला सुगरणींनी दहा-बारा घरटी टांगली होती. आमच्या आणि त्या शेताच्या मधोमध चेनलिंक जाळीचे कुंपण आहे. त्या कुंपणाच्या अलीकडून मी पहिल्या दिवशी चाळीसएक फोटो काढले आणि संध्याकाळी आखाड्यावर बसून ते मोठे करून पाहिले, तेव्हा बहुतेक फोटोंत कुंपणाची तार, तिच्यावरचा जस्ताचा मुलामा आणि पिळ्यात अडकलेली गवताची वाळकी काडीसुद्धा स्वच्छ दिसत होती, तर घरट्यांच्या जागी तपकिरी डाग उरले होते. आमच्या सालगड्याने फोन हातात घेऊन बारकाईने पाहिले आणि म्हणाला, "कुंपण झकास आलंय, मालक. पाखरू कुठंय?"

पुढच्या आठवड्यात त्याच जागेवरून, त्याच फोनने, घरट्याचे विणलेले धागे मोजता येतील असे फोटो आले. मध्ये फक्त एवढेच घडले होते की फोकस कुठे ठेवायचा हे फोनला ठरवू न देता मी ठरवू लागलो, आणि भिंगापासून तार किती दूर असावी हे मला कळले. हा लेख त्या दोन गोष्टींविषयी आहे. फोनचा कॅमेरा उघडून बटण दाबण्यापलीकडे ज्यांनी काही केलेले नाही, त्यांनाही तो वाचत वाचत करून पाहता यावा, असा प्रयत्न केला आहे.

फोन तारेलाच का धरतो

फोनचा ऑटोफोकस चौकटीत जिथे उजेड-अंधाराची कडा ठळक मिळेल तिथे स्थिरावतो. चेहरा किंवा प्राण्याचा डोळा ओळखणारे फोन आता आले आहेत, परंतु सात-आठ मीटरवरचा चिमणीएवढा पक्षी चौकटीत इतका लहान असतो की ती ओळख तिथे फारशी कामास येत नाही. तार मात्र जवळ असते, सरळ असते, चकाकते आणि चौकटभर पसरलेली असते. कॅमेऱ्याच्या दृष्टीने तीच सर्वांत ठळक गोष्ट ठरते. त्यातही एकसारखे चौकोन पुन्हा पुन्हा येत असल्यामुळे अंतराचा अंदाज घेणारी यंत्रणा गोंधळते आणि पडद्यावरचे चित्र क्षणात स्पष्ट, क्षणात धूसर असे पुढे-मागे होत राहते. काही फोनमध्ये अंतर मोजण्यासाठी डोळ्यांना न दिसणारा लेझर किरण सोडला जातो. तो किरण पुढच्या तारेवरून किंवा काचेवरून परत आला की फोन त्या तारेचे वा काचेचे अंतर खरे मानतो.

यातून सुटण्याची एक नैसर्गिक वाट आहे. बहुतेक फोनच्या मुख्य भिंगाला १० ते १५ सेंटिमीटरच्या आतल्या वस्तूवर फोकस करताच येत नाही. तार त्याहून जवळ आणली तर ती स्पष्ट करणे फोनच्या हाती उरत नाही आणि तो नाइलाजाने मागच्या दृश्याकडे वळतो. म्हणून कुंपणापासून हातभर अंतरावर उभे राहणे ही सर्वांत वाईट जागा होय, आणि नवखा माणूस नेमका तिथेच उभा राहतो.

ज्वारीच्या दाण्याएवढे छिद्र

मोठा कॅमेरा वापरणारे मित्र सांगतात की भिंग जाळीजवळ न्या, जाळी आपोआप विरघळते. हा सल्ला त्यांच्यापुरता खरा आहे. फोनवर तो अर्धाच लागू पडतो आणि त्याचे कारण समजून घेतले तर पुढच्या सगळ्या पायऱ्या आपोआप सुचतात.

ज्या छिद्रातून प्रकाश आत शिरतो, ते छिद्र फोनच्या मुख्य कॅमेऱ्यात साधारण ३ मिलिमीटर रुंद असते, म्हणजे ज्वारीच्या दाण्यापेक्षाही किंचित लहान. लांबच्या वस्तूवर फोकस असताना जवळची तार जवळजवळ त्या छिद्राच्या रुंदीइतकी पसरट होते. तार छिद्रापेक्षा बरीच बारीक असेल तर तिच्या दोन्ही बाजूंनी प्रकाश आत येतो, ती विरघळते आणि चित्र फक्त थोडे फिकट होते. डासांसाठी खिडकीला लावलेल्या जाळीची तार पाव मिलिमीटरच्या आसपास असते, म्हणून ती पूर्ण नाहीशी होते. चेनलिंकची १० गेज तार मात्र सव्वातीन मिलिमीटर जाड असते. ती छिद्राएवढीच असल्यामुळे भिंगासमोर आली तर सगळा प्रकाश अडवते आणि चित्रात कडा वितळलेला जाड काळपट पट्टा उमटतो. खिडकीच्या ग्रिलची दहा-बारा मिलिमीटरची सळई तर कोणत्याही फोकसने लपत नाही. मोठ्या कॅमेऱ्याच्या लांब पल्ल्याच्या भिंगाचे छिद्र ५० मिलिमीटर किंवा त्याहून रुंद असू शकते, म्हणून त्यांच्यापुढे १० गेजची तारही केसासारखी विरघळते.

फोनला निसर्गाने याची भरपाईही दिली आहे. त्याचे भिंग इतके लहान आहे की ते दोन इंची जाळीच्या एका घरात सहज मावते. तेव्हा नियम असा ठरतो: बारीक जाळी असेल तर भिंग तिला जवळजवळ टेकवावे आणि तिला विरघळू द्यावे, जाड जाळी असेल तर भिंग तिच्या घराच्या मधोमध आणावे, म्हणजे तार चौकटीतच येणार नाही.

आधी घरच्या खिडकीवर

शेतात जाण्यापूर्वी डासांची जाळी लावलेल्या खिडकीशी दहा मिनिटे घालवावीत. भिंग धुतलेल्या सुती कापडाने पुसावे; आपल्याकडे उन्हाळाभर बसलेली धूळ आणि बोटांचे तेल यांमुळे जो पांढुरका पडदा येतो, त्याचा दोष लोक उगाच फोकसला देतात. मग खिडकीपासून हातभर अंतरावर उभे राहून अंगणातल्या निंबाकडे फोन धरावा आणि काय स्पष्ट होते ते पाहावे. बहुधा जाळीच स्पष्ट होईल.

आता पडद्यावर निंबाच्या खोडावर बोट टेकवावे आणि उचलू नये. एक-दोन सेकंदांत आयफोनवर वरच्या बाजूस AE/AF LOCK ही अक्षरे येतात. अँड्रॉइडवरच्या बहुतेक कॅमेऱ्यांत कुलपाचे चिन्ह येते किंवा चौकटीचा रंग बदलतो. यालाच फोकस लॉक म्हणतात. नुसते टिचकी मारून सोडल्यास फोन त्या जागी फोकस करतो खरा, परंतु दृश्य जरा हलताच तो निर्णय विसरतो. लॉक केल्यावर भिंग आहे त्या अंतरावर थांबून राहते. खोडाऐवजी जाळीवरच फोकस बसला असेल तर लॉक सोडावा, फोन जाळीला टेकेल इतका जवळ न्यावा आणि पुन्हा बोट दाबून धरावे. दुसऱ्या खेपेला खोड मिळते. लॉक टिकवून हळूहळू मागे यावे. जाळी चौकटीत असूनही दिसत नाही, फक्त चित्र किंचित दुधाळ वाटते, हे डोळ्यांनी पाहून घ्यावे.

या सरावात एक अडथळा अनेकांना येतो. फोन जाळीजवळ नेताच चित्र एकदम उडी मारते, कडा वाकल्यासारख्या दिसतात आणि जाळीचा प्रत्येक धागा स्पष्ट होतो. अशा वेळी फोनने जवळची वस्तू पाहून स्वतःहून मुख्य भिंग सोडून अतिरुंद भिंग घेतलेले असते, कारण अनेक महाग फोनमध्ये ते भिंग अगदी जवळचे फोटो काढण्यासाठी वापरले जाते. आयफोनच्या ज्या प्रतींत ही सोय आहे, तिथे Settings मध्ये Camera खाली Macro Control चालू करावे. मग पडद्यावर फुलाचे चिन्ह येते आणि त्यावर टिचकी मारून ही अदलाबदल थांबवता येते. सॅमसंगच्या काही फोनमध्ये याच कामाला Focus enhancer असे नाव आहे. सध्या कोणते भिंग चालू आहे याविषयी शंका असेल तर मागच्या भिंगांवर एकेक करून बोट ठेवावे. ज्यावर बोट ठेवल्यावर पडदा काळा होतो, ते चालू भिंग.

लॉक केल्याने फोकसबरोबर उजेडाचे मापही गोठते, हे लक्षात ठेवावे. सावलीतल्या खोडावर लॉक करून फोन आभाळाकडे वळवला तर आभाळ पांढरेफटक होते. लॉकच्या चौकटीशेजारी सूर्याचे चिन्ह किंवा एक उभी-आडवी पट्टी येते, तिच्यावर बोट सरकवून उजेड कमी-जास्त करावा. त्यामुळे फोकस हलत नाही.

हाताने फोकस

लॉक करण्यासाठी आधी फोनने योग्य जागी एकदा तरी फोकस करावा लागतो. तो करतच नसेल, तर हाताने फोकस करण्याला पर्याय नाही. अँड्रॉइडच्या बहुतेक फोनमध्ये कॅमेऱ्याच्या प्रकारांत PRO किंवा MANUAL असा प्रकार असतो. तो उघडल्यावर AF असे लिहिलेले बटण दिसते. ते MF केले की एक पट्टी येते. पट्टीच्या एका टोकाला फूल असते, म्हणजे जवळ, आणि दुसऱ्या टोकाला डोंगर, म्हणजे दूर. ज्या फोनमध्ये हा प्रकारच नाही, त्यात Open Camera हे मोफत ॲप घालून पाहावे. त्याच्या सेटिंगमध्ये Camera API या जागी Camera2 API निवडल्यावर, फोनची साथ असेल तर, हाताने फोकस करण्याची सोय मिळते. आयफोनच्या मूळ कॅमेऱ्यात अशी पट्टी नाही, त्यासाठी वेगळे ॲप घ्यावे लागते किंवा लॉकवर भागवावे लागते. आणि या लेखातील बहुतेक कामे लॉकवर भागतातही.

पट्टी पहिल्यांदा हाताळताना ती विचित्र वाटते. बोटाचा मोठा प्रवास फूट-दीड फुटाच्या आतल्या अंतरांतच संपतो आणि दोन मीटरपासून क्षितिजापर्यंतचे सगळे जग पट्टीच्या शेवटच्या बोटभर भागात गर्दी करून बसलेले असते. यात फोनचा दोष नाही. १० सेंटिमीटरवरच्या वस्तूसाठी भिंगाला साधारण एक तृतीयांश मिलिमीटर पुढे सरकावे लागते, तर ३ मीटरवरच्या वस्तूसाठी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढेच. म्हणून अंगणात एकदा ओळीने चार वस्तू मांडाव्यात, एक, दोन, चार आणि आठ मीटरवर. बादली, पाट, घागर, काहीही चालेल. पट्टीवर आकडे येत असतील तर प्रत्येक वस्तू स्पष्ट होतानाचा आकडा कागदावर लिहून ठेवावा. डोंगराच्या अगदी टोकाला पट्टी नेल्यावर काही फोनमध्ये दूरचे झाडही किंचित मऊ पडते आणि केसभर मागे आणल्यावर टोकदार होते. आपला फोन तसा आहे का, हे याच वेळी कळते.

काही फोनमध्ये हाताने फोकस करताना स्पष्ट असलेल्या कडांवर हिरवी किंवा लाल रेघ उमटते. जाळीआडच्या कामात ही रेघ मोठा आधार आहे. तार रंगलेली दिसली तर फोकस तारेवर आहे, आणि घरट्याची कड रंगली तर घरट्यावर. उन्हात पडदा नीट दिसत नाही, तेव्हा तर हीच एक खूण भरवशाची असते.

विहिरीवरची बाभूळ

आता मूळ प्रसंगाकडे येतो. कुंपणापासून सर्वांत खालचे घरटे नऊ पावलांवर, म्हणजे जवळपास ७ मीटरवर होते. कुंपण दोन इंची, १० गेजचे. घरट्याच्या पुढे बाभळीच्या दोन बारीक फांद्या आणि मागे ढगाळ आभाळ.

सर्वांत आधी कुंपण निरखून पाहिले. आमच्या भागात रानडुकरांसाठी कुंपणाला झटका मशीनची तार जोडलेली असते आणि ती चेनलिंकच्या वर किंवा खाली बाहेर काढलेली असते. कुठे कुठे तर लोक थेट विजेचा प्रवाह सोडण्याचा जीवघेणा उद्योगही करतात. अनोळखी शेताच्या कुंपणाला हात किंवा फोन लावण्यापूर्वी मालकाला विचारावेच. आमच्या शेजाऱ्यांच्या कुंपणाला वीज नव्हती, तरीही मी विचारले.

त्यानंतर आधी झूम ठरवला. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण लॉक केल्यावर झूम बदलला आणि त्यामुळे भिंग बदलले, तर बहुतेक फोनमध्ये लॉक सुटतो. माझ्या फोनला ३ पटीचे वेगळे भिंग आहे, ते घेतले. ज्यांच्याकडे असे भिंग नाही, त्यांनी १ पटीवर किंवा फार तर २ पटीवर काम करावे. त्यापुढचा झूम हा मुख्य भिंगाच्या चित्राचा कापलेला तुकडाच असतो आणि तो नंतर घरी बसूनही कापता येतो.

मग फोकससाठी उसना विषय शोधला. घरट्याकडे पाहिले की तार आणि फांद्या दोन्ही आड येत होत्या, म्हणून मी पाठ फिरवली आणि आमच्याच शेतात नऊ पावलांवर असलेल्या निंबाच्या खोडावर बोट दाबून लॉक केला. खोड मध्ये काहीही आड न येता दिसत होते, त्यामुळे फोनला चुकायला वाव नव्हता. विषय जितका दूर तितकाच दूर असलेला, मोकळा दिसणारा उसना विषय निवडणे ही या कामातील माझ्या मते सर्वांत उपयोगी युक्ती आहे आणि तिच्यासाठी कोणतेही ॲप लागत नाही. १ पटीच्या भिंगावर तर पावले काटेकोर मोजण्याचीही गरज नाही: त्या लहान छिद्रामुळे ३-४ मीटरवर फोकस ठेवला तरी साधारण २ मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळे पुरेसे स्पष्ट येते. ३ पटीवर मात्र पावलाभराचा फरक जाणवतो, म्हणून तिथे पावले मोजावीत आणि लॉक केल्यावर विषयाच्या दिशेने पुढे-मागे सरकू नये.

नंतर वळून फोन कुंपणाशी नेला आणि चालू भिंग जाळीच्या एका घराच्या मधोमध आणले. फोनची पाठ कुंपणाला समांतर ठेवावी; फोन तिरपा धरला तर चौकटीच्या एका कोपऱ्यात धूसर पट्टा शिरतो. १ पटीवर भिंग आणि जाळी यांत दोन बोटांपेक्षा जास्त अंतर नसावे, नाहीतर रुंद चौकटीच्या कडांना तारा दिसू लागतात. ३ पटीवर चौकट अरुंद असल्याने चार बोटांपर्यंत चालते. फोन तारेला घासू नये, भिंगावरच्या काचेला चरे पडतात आणि वाऱ्याने हलणारे कुंपण फोनही हलवते. मी करंगळी आणि अनामिका तारेवर टेकवून उरलेल्या बोटांत फोन धरला, म्हणजे हात स्थिर राहिला आणि फोन मोकळा.

निंबाचे खोड सावलीत होते आणि घरट्यामागे पांढरे आभाळ. गोठलेल्या उजेडामुळे आभाळ फटफटीत दिसत होते, परंतु घरट्याचे धागे नीट दिसत होते, म्हणून मी उजेड थोडासाच कमी केला. आभाळ निळसर करण्याच्या हट्टापायी घरटे काळे पडले असते.

पहिल्या पाच फोटोंनंतर थांबून एक फोटो पूर्ण मोठा करून पाहिला. इथे तीन शक्यता असतात. पुढची फांदी टोकदार आणि घरटे मऊ असेल तर फोकस अलीकडे पडला आहे. घरट्यामागची पाने टोकदार असतील तर पलीकडे. आणि काहीच टोकदार नसेल तर हात हलला आहे किंवा भिंग मळले आहे, फोकसला दोष देऊ नये. माझ्या फोटोत पुढच्या फांदीवरचे काटे घरट्यापेक्षा स्पष्ट होते. निंबापर्यंतची पावले मी चढावर मोजली होती, म्हणून ती आखूड पडली होती. फोन PRO वर नेऊन, पट्टी MF वर घेऊन डोंगराच्या बाजूला केसभर सरकवली, पुन्हा पाच फोटो काढले, आणखी केसभर सरकवून पुन्हा पाच. पंधरांपैकी मधल्या पाचांत विणीचे धागे सुटे सुटे दिसले. नर घरट्याला लोंबकळून पंख फडफडवीत होता, त्याच्या डोक्यावरची पिवळी टोपीही त्यांतल्या दोन फोटोंत आली.

पाने तारेसारखी वागत नाहीत

तार एका जागी असते; पाने हलतात आणि प्रत्येक पान वेगळ्या अंतरावर असते. ऑटोफोकस चालू ठेवला तर वाऱ्याच्या प्रत्येक झुळुकीबरोबर तो पुढच्या पानावर धावतो, म्हणून पानांआडच्या विषयासाठी लॉक किंवा MF यांशिवाय काम होत नाही. भिंगाच्या अगदी जवळचे पान हिरव्या धुक्यासारखे पसरते आणि कधी कधी ते चांगलेही दिसते. त्रास देतात ती विषयाच्या हातभर पुढे असलेली पाने आणि फांद्या. ती फोकसच्या मर्यादेतच असतात, त्यामुळे विषयाइतकीच स्पष्ट येतात आणि फोकसने ती घालवता येत नाहीत. तिथे जागा बदलावी. फांदी आपल्या जवळ असेल तर फोन वीतभर बाजूला नेल्याने ती चौकटीबाहेर जाते. विषयाच्या जवळ असेल तर आपल्याला पाच-सात पावले बाजूला चालावे लागते. फांदी मोडून वाट करू नये, कारण घरट्यापुढची फांदी गेली की कावळ्यालाही वाट मिळते.

पोर्ट्रेट प्रकार या कामात बंद ठेवावा. त्यात मागचे दृश्य हिशोबाने धूसर केले जाते आणि तार किंवा पाने यांच्या कडा ओळखताना तो हिशोब चुकतो. पक्ष्याचा अर्धा पंख पुसला गेलेला मी पाहिला आहे.

काच आणि ग्रिल

घरातून, काच आणि ग्रिल या दोहोंमधून फोटो काढायचा असेल तर ग्रिलच्या दोन सळयांमधून हात घालून भिंग काचेला सपाट टेकवावे. टेकवल्याने काचेवर पडणारे खोलीचे प्रतिबिंब अडते आणि काचेवरचे धुळीचे कण भिंगाच्या इतके जवळ येतात की ते विरघळतात. काच आतून आणि बाहेरून पुसता आली तर फारच उत्तम. टेकवणे शक्य नसेल तर खोलीतला दिवा बंद करून फोनभोवती काळा रुमाल धरावा. फ्लॅश बंद असल्याची खात्री करावी.

लेझरवर अंतर मोजणारा फोन काचेपाशी हटकून चुकतो. अशा वेळी खिडकी क्षणभर उघडावी, बाहेरच्या विषयावर लॉक करावा आणि मग खिडकी लावून फोटो काढावा. खिडकी उघडणारी नसेल तर MF वर डोंगराकडचा लिहून ठेवलेला आकडा लावावा. पावसात काचेवरचे थेंब हवेत की बाहेरचे झाड, हे आधी ठरवावे. दोन्ही एकदम स्पष्ट येणार नाहीत.

दगडी जाळीला जाड तारेचाच नियम लागतो. बीबी-का-मकबऱ्यातील कबरीभोवतीच्या संगमरवरी जाळीची नक्षी कितीही नाजूक वाटली तरी तिच्या दोन छिद्रांमधला दगड फोनच्या छिद्रापेक्षा कितीतरी जाड आहे, त्यामुळे अशा जाळीतून पलीकडचे टिपायचे असेल तर नक्षीच्या एखाद्या छिद्रासमोर भिंग आणावे, दगडाला स्पर्श न करता. कुठे कठड्यामुळे जवळ जाता येत नसेल तर तिथे जाळी हाच विषय मानून तिच्यावर लॉक करावा, हे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

जिथे फोकस हतबल होतो

प्राणिसंग्रहालयात पिंजऱ्यापुढे कठडा असतो आणि तो ओलांडायचा नसतो. समजा जाळी आपल्यापासून २ मीटरवर आहे आणि बिबट्या ८ मीटरवर. १ पटीच्या भिंगाने बिबट्यावर अचूक फोकस केला तरी २ मीटरवरची तार जवळजवळ स्पष्टच राहते, कारण लहान छिद्रामुळे स्पष्टतेचा पट्टा तिथपर्यंत पोहोचलेला असतो. ३ पटीचे भिंग तिला थोडी मऊ करते, घालवत नाही. लॉक चुकला असे समजून इथे लोक पुन्हा पुन्हा पडद्यावर बोट दाबत बसतात.

अशा जागी दोन गोष्टी करता येतात. उन्हात चमकणारी तार पांढरी रेघ होऊन चित्रावर बसते, तर सावलीतली तार मागच्या अंधारात मिसळते. म्हणून जाळीचा सावलीत असलेला भाग शोधून त्यासमोर उभे राहावे. दुसरी गोष्ट साध्या त्रैराशिकाची आहे. २ मीटरवरचे ५ सेंटिमीटरचे घर ८ मीटरवर चौपट, म्हणजे २० सेंटिमीटरचे होते. बिबट्याचा चेहरा त्यात बसतो, धड बसत नाही. तेव्हा ३ पटीवर, बिबट्याच्या अंतरावरच्या मोकळ्या झाडावर लॉक करून, फोन छातीशी स्थिर धरावा आणि त्याचा चेहरा त्या एका घरात येईपर्यंत थांबावे. त्याने मान वळवली नाही तर आपण अर्धे पाऊल बाजूला सरकावे. तेवढ्याने पलीकडे ते घर मीटरभर सरकते.